बडेबाबूंसाठी चार ओळी

आमच्या कॉलेजच्या स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या सर्वांत जास्त संदेश बडेबाबूंसाठी येतात. बडेबाबू म्हणजे आमचे हेड क्लार्क, वय 54. डिसेंबरच्या मध्यात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला, आणि घरी आल्यावर आठवड्याभरात त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज चालायला सुरुवात केली. ही बातमी ग्रुपवर आली त्या दिवसापासून उगवत्या सूर्याची चित्रं, गुलाब आणि सुविचार यांचा पूर आला आहे. त्यातले तीन सुविचार पुन्हा पुन्हा येतात. एक, थांबला तो संपला. दुसरा, चालणे हेच औषध. तिसरा, रोज दहा हजार पावले, डॉक्टर राहील दूर.

मग प्राचार्यांनी मला सांगितलं की, हे फॉरवर्ड पुरे झाले, तुम्ही लिहिता-वाचता, शिवाय जीवशास्त्र शिकवता, तर सगळ्यांच्या वतीने बडेबाबूंना चार ओळींचा, उभारी देणारा एक नीट संदेश लिहा. चार ओळी लिहायला मला चार दिवस लागले. कारण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं की हे तिन्ही सुविचार निरोगी माणसासाठी ठीक असतीलही, पण नुकताच स्टेंट बसलेल्या माणसाने ते मनावर घेतले तर तिन्ही त्याला अडचणीत आणू शकतात. बडेबाबूंच्या बाबतीत तर त्यातल्या दोघांनी आणलंच.

आधी काय झालं ते सांगतो. आमच्या कॉलेजचं ऑफिस तळमजल्यावर आणि परीक्षा विभाग दुसऱ्या मजल्यावर. फॉर्म भरण्याच्या दिवसांत बडेबाबूंच्या दिवसाला आठ-दहा फेऱ्या होतात. नोव्हेंबरच्या अखेरीस ते पहिल्या मजल्यावर पोचले की नोटीस बोर्डासमोर उभे राहून नोटिसा वाचताना दिसायचे. ज्या नोटिसा त्यांनीच टाइप केल्या, त्यांनीच सही घेऊन लावल्या, त्याच. कुणाला काही वाटलं नाही. जिना चढताना त्यांची छाती आवळायची, जबडा दुखायचा, आणि दोन मिनिटं उभं राहिलं की सगळं जायचं. लोकांसमोर जिन्यात टेकून उभं राहायची लाज वाटायची, म्हणून बोर्ड. घरी आणि स्वतःला त्यांनी सांगितलं होतं, "गॅस का तरास है." जिरं-ओवा आणि पित्ताची गोळी चालू होती. दोन आठवड्यांनी एका रात्री ती आवळ उभं राहूनही गेली नाही, आडवं होऊनही गेली नाही, घाम सुटला, तेव्हा मुलाने दवाखान्यात नेलं. ईसीजी बघून तिथल्या डॉक्टरांनी तासाभरात छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. मनगटातून तार घालून अँजिओग्राफी झाली, एक वाहिनी जवळजवळ बंद सापडली, तिथेच स्टेंट टाकला. चौथ्या दिवशी घरी. अल्लाहचा शुक्र.

आता 'थांबला तो संपला' घ्या. हृदयाच्या या दुखण्याचं पहिलं नेमकं वर्णन लंडनच्या विल्यम हेबर्डन या डॉक्टरने 1772 मध्ये छापलं. अँजायना हे नाव त्यानेच दिलं. त्याने लिहिलेली खूण आजही प्रत्येक डॉक्टर विचारतो: माणूस चालत असताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, छातीत असं काही आवळतं की पुढे चाललं तर जीव जाईल असं वाटतं, आणि तो उभा राहिला की ते त्याच क्षणी ओसरतं. आमच्या नोटीस बोर्डाची गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेली आहे. कारण सोपं आहे. चालताना पायाचे स्नायू जास्त रक्त मागतात, हृदयाला जोरात काम करावं लागतं, म्हणून हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही जास्त रक्त लागतं. वाहिनी अरुंद असेल तर मागणी आणि पुरवठा जुळत नाही आणि स्नायू ओरडतो. थांबलं की मागणी खाली येते. म्हणजे थांबणं हा या दुखण्यातला पहिला इलाज आहे. चालताना आवळ आली आणि डोक्यात तो सुविचार असेल, तर माणूस दात-ओठ खाऊन पुढे चालतो. तेच करायचं नसतं.

पण याच हेबर्डनने आणखी एक गोष्ट नोंदवली होती आणि ती फार काळ कुणी गंभीरपणे घेतली नाही. त्याच्या माहितीतला एक रुग्ण रोज अर्धा तास लाकूड करवतीने कापायचा आणि त्याने जवळजवळ बरा झाला होता. म्हणजे ज्या कष्टाने दुखतं, तोच कष्ट रोज, ठरलेला, बेताचा केला तर दुखणं मागे हटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. अवघड जागा हीच आहे, आणि ती एका सुविचारात मावत नाही.

वैद्यकशास्त्रालाही ते मानायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हार्ट अटॅक आलेल्या माणसाला सहा-सहा आठवडे पलंगावर झोपवून ठेवायचे. जेवण भरवायचे, कूस बदलायलाही मदत. त्यात पायात रक्ताच्या गाठी व्हायच्या, स्नायू सुकायचे, आणि हृदयाने मारलं नाही तर पलंग मारायचा. 1950 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन या हृदयतज्ज्ञाने बर्नार्ड लाऊन या तरुण सहकाऱ्याला घेऊन रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं खुर्चीत बसवणं, एवढंच. तरी त्या वेळी ते धाडस वाटलं होतं. तिथून हळूहळू खोलीत चालणं, व्हरांड्यात चालणं, मग घरी चालणं असा प्रवास झाला.

आपल्या घरांतून मात्र तो पलंग अजून गेलेला नाही. बडेबाबूंच्या मोठ्या आपा आठ दिवस मुक्कामाला होत्या आणि त्यांचा हुकूम एकच, "पलंग से उतरू नक्को." भेटायला येणारा प्रत्येक जण त्यांच्याच बाजूने. नमाजसुद्धा खुर्चीवर का, पलंगावरच पढा. मायेने बोलत होत्या, पण बडेबाबूंच्या मनात त्यामुळे जी भीती बसली ती आजाराच्या भीतीहून मोठी होती. पहिल्या दिवशी दारातून गल्लीत पाऊल टाकताना त्यांचे हात थरथरत होते, असं त्यांच्या मुलाने मला सांगितलं. एका बाजूला आपांचा पलंग आणि दुसऱ्या बाजूला आमच्या ग्रुपची दहा हजार पावलं, आणि मधे हा माणूस.

डॉक्टरांनी दिलेला कागद मी पाहिला आहे. पहिला आठवडा, सपाट रस्त्यावर 5 मिनिटं, सकाळी आणि संध्याकाळी. त्रास नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी 2 मिनिटं वाढवायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका वेळचं चालणं 15 मिनिटांवर, सहाव्या-सातव्या आठवड्यात 25 ते 30 मिनिटांवर. जेवणानंतर तास-दीड तास नाही. पहिली काही मिनिटं हळू आणि शेवटची काही मिनिटं पुन्हा हळू. शेवट हळू का, हे बहुतेकांना माहीत नसतं. चालताना पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि चालणारे स्नायू रक्त पिळून वर पाठवत असतात. एकदम थांबून उभं राहिलं की रक्त पायातच रेंगाळतं आणि चक्कर येते. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. प्रत्येकाचा कागद वेगळा असतो. हा बडेबाबूंचा आहे, त्यांच्या हृदयाचा पंप किती चालतो ते बघून लिहिलेला. तुमचा तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

दोन आठवडे सगळं कागदाप्रमाणे झालं. मग मुलाने हौसेने मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ बांधलं, आणि बडेबाबूंनी आकडा ग्रुपवर टाकला: 4000. घरातली ये-जा धरून. त्यावर कुणीतरी अंगठा दाखवला, कुणी लिहिलं, "अजून सहा हजार बाकी." हिशोबनीस माणूस तो. बाकी हा शब्द त्यांना झोपू देत नाही.

हे दहा हजार आले कुठून? 1964 मध्ये टोकियोला ऑलिम्पिक झालं, जपानमध्ये व्यायामाची लाट आली आणि 1965 मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून चालला. तो कुठल्या दवाखान्यातून आलेला नव्हता. पुढे 2019 मध्ये अमेरिकेत आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांची पावलं मोजून काही वर्षं त्यांचा मागोवा घेतला. रोज सुमारे 2700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4400 पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साधारण 7500 च्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. त्या अभ्यासाला मर्यादा आहेत. ज्या आधीच आजारी होत्या त्या कमी चालत असतील, हेही त्यात आलं. शिवाय त्या अमेरिकेतल्या बायका, आपले बडेबाबू जालन्याचे. तरी एवढं दिसतं की सर्वांत मोठा लाभ तळाच्या पायऱ्यांवर आहे, बसून राहणारा माणूस थोडा चालू लागतो तिथे.

आणि साधं गणित करा. त्या वेळी बडेबाबू मिनिटाला 80 पावलं टाकत होते. 10,000 ला 80 ने भागा, 125 मिनिटं होतात. ज्याच्या कागदावर 10 मिनिटं सकाळी आणि 10 मिनिटं संध्याकाळी लिहिलं आहे, त्याला आपण दोन तासांचं टार्गेट देत होतो.

तिसऱ्या आठवड्यात चौथ्या दिवशी त्यांनी 9000 केली. ग्रुपवर टाळ्या. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरापर्यंत जाताना धाप, पोटऱ्या भरलेल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती जुनी भीती परत. तीन दिवस ते घराबाहेर पडले नाहीत, 1500 च्या पुढे आकडा गेला नाही. आता त्या आठवड्याची बेरीज करू. पहिले तीन दिवस 4000 प्रमाणे 12,000, चौथ्या दिवशी 9000, पुढचे तीन दिवस 1500 प्रमाणे 4500. एकूण 25,500. रोज मुकाट्याने 4000 केली असती तर 28,000 झाली असती. म्हणजे पराक्रमाच्या आठवड्यात अडीच हजार पावलं तुटीची. हा हिशोब मी त्यांना कागदावर लिहून दिला, तेव्हा ते पहिल्यांदा हसले. बेरजेवर त्यांचा विश्वास आहे.

जास्त झालं हे ओळखायचं कसं, तर घड्याळाने नाही. त्यांना हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी आहे, त्यामुळे नाडीचे जे आकडे घड्याळ 'योग्य' म्हणून दाखवतं ते त्यांच्या उपयोगाचेच नाहीत. तिथवर नाडी पोचणार नाही आणि पोचवायची धडपड करायची नाही. खूण बोलण्याची. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त. इंग्रजी मुलखात यासाठी रुग्णाला पाठ असलेला एखादा उतारा म्हणायला लावतात. आपल्याकडे पाठ असलेल्या गोष्टी कमी आहेत का! बडेबाबू चालताना मनात दुरूद पढतात. मी म्हटलं, मनात नको, हलक्या आवाजात पढा. एक दुरूद सलग, मधे न तुटता पूर्ण होतो का बघा. तुटला की पाय आवरा. आमच्या शिपाईमामांना हे इतकं आवडलं की त्यांनी स्वतःसाठी हरिपाठ धरला. ज्यांना दोन्ही नको त्यांना शाळेतली प्रतिज्ञा आहेच. दुसरी खूण नंतरची: चालून आल्यावर तासाभराने थकवा उतरलेला हवा आणि रात्री झोप लागायला हवी. आणि दोन-तीन दिवसांत पायावर सूज आली, वजन एकदम वाढलं किंवा आडवं झाल्यावर धाप लागली, तर तो थकवा नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर.

'चालणे हेच औषध' हा सुविचार मात्र मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो, कारण तो अर्धा खरा आहे. चालल्याने काय होतं, ते समजून घेऊ. चालल्याने वाहिनीतला अडथळा विरघळत नाही. तो स्टेंटने बाजूला दाबला आहे. चालल्याने मुख्य फरक पडतो तो पायांत. सराव झालेला स्नायू आलेल्या रक्तातून जास्त प्राणवायू ओढून घ्यायला शिकतो, म्हणून त्याच कामासाठी तो कमी रक्त मागतो. मागणी कमी झाली की तोच जिना चढताना हृदयाला कमी पळावं लागतं. पाय शहाणे होतात आणि हृदयाचं ओझं हलकं होतं. म्हणून तर माणसाला तीन-चार आठवड्यांत खरंच बरं वाटायला लागतं.

आणि बरं वाटायला लागलं की माणूस गोळ्यांकडे संशयाने बघतो. गेल्या आठवड्यात बडेबाबू मेडिकलवर महिन्याच्या गोळ्या घ्यायला गेले. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या आहेत. बिल बघून त्यांनी मला फोन केला, "सर, आता तर मैं चलताय, दो दो गोळ्या कायकु? एक बंद करू क्या?" फोन केला हे नशीब. स्टेंट ही धातूची बारीक जाळी असते. रक्ताला ती परकी. शरीर हळूहळू तिच्यावर स्वतःचं अस्तर चढवतं, पण त्याला महिने लागतात, आणि तोवर उघड्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू शकते. धरली तर उघडलेली वाहिनी काही मिनिटांत बंद, आणि हा अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. म्हणून त्या दोन गोळ्या बरोबर, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभर. किती ते डॉक्टर ठरवतात. माणूस रोज पाच किलोमीटर चालला म्हणून जाळीवरचं अस्तर लवकर चढत नाही. पायांना त्या जाळीची खबरच नसते. दाढ काढायची असली तरी दंतवैद्याच्या सांगण्यावरून परस्पर या गोळ्या थांबवायच्या नाहीत, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

वेळेचाही प्रश्न होता. बडेबाबूंना वाटत होतं की फजर मशिदीत पढावी आणि तिथूनच मोती तलावाकडे निघावं. ऐकायला किती छान! जमशेदखानाने बांधलेल्या त्या जुन्या तलावाकाठी हवा खायला जायची आपल्या शहराची सवय जुनीच आहे, आणि मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाला सवाब, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. पण जानेवारीत फजरची जमात होते तेव्हा जालन्यात अंधार असतो, सूर्य सातनंतर उगवतो. थंड हवेत रक्तवाहिन्या आकसतात, बीपी चढतं, आणि पहाट ते सकाळ ही हृदयाच्या झटक्यांची तशीही जास्त वर्दळीची वेळ. वर गल्लीतली कुत्री. आणि आपल्या स्टीलच्या भट्ट्यांच्या गावात थंडीच्या पहाटे धूर वर जात नाही, जमिनीलगत बसून राहतो, हे एमआयडीसीच्या बाजूला राहणाऱ्याला सांगायला नको. तेव्हा ठरलं असं की फजर सध्या घरी, चालणं ऊन पडल्यावर साडेआठला, नाश्त्याआधी, कानाला मफलर, आणि दुसरं असरनंतर. उन्हाळ्यात हेच उलटं करावं लागेल. मे महिन्यात जालन्याचं ऊन चाळिशी ओलांडतं, तेव्हा पहाटच बरी.

आणि तलाव सध्या नको. लांब जाणाऱ्याला तेवढंच परत यावं लागतं. 7 मिनिटं गेल्यावर त्रास झाला तर घर 7 मिनिटं दूर. त्यापेक्षा आपल्याच गल्लीत फेऱ्या माराव्या, म्हणजे घर कधीही मिनिटाभरापेक्षा लांब नाही. कंटाळवाणं आहे, पण महिन्याभराचाच प्रश्न. या फेऱ्यांचा एक फायदा कुणाच्या लक्षात आला नव्हता. पहिल्या आठवड्यात काळजीपोटी भाभी दारात उभ्या राहून बघायच्या, मग दोन पावलं मागे चालू लागल्या. त्यांना शुगर आहे, आणि बारा वर्षांत कुणी त्यांना चालायला या असं म्हटलेलं नव्हतं. बुरख्यातल्या बाईने तलावावर एकटीने फेऱ्या मारणं आपल्याकडे अजून सोपं नाही. नवऱ्याच्या आजारपणाने त्यांना गल्ली मिळाली. आता शेजारच्या आणखी दोघी येतात.

एवढं सगळं डोक्यात घेऊन चार ओळी लिहायच्या होत्या. शेवटी हे लिहिलं:

"बडेबाबू, सलाम. उद्या फक्त आजच्याएवढंच चाला. दुरूद तुटायला लागला की वेग कमी करा. छाती आवळली की थांबा, बसा, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवा, पाच मिनिटांत उतरलं नाही तर 108. थांबलेला माणूस उद्या पुन्हा चालू शकतो. पाय कितीही खूश असले तरी गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. आणि किती पावलं झाली ते आम्हाला सांगू नका, आम्ही विचारणार नाही. परीक्षा विभागाच्या कपाटाच्या किल्ल्या तुमच्याशिवाय कुणाला सापडत नाहीत, पण घाई नाही."

प्राचार्यांना हा संदेश फारसा आवडला नाही. यात उत्साह कुठे आहे, असं म्हणाले. एका मॅडमना 108 चा उल्लेख अपशकुनी वाटला. मी तो ठेवला. जिभेखालच्या गोळीने रक्तदाब खाली येतो, म्हणून ती उभ्याने घ्यायची नाही, बसून घ्यायची, आणि त्रास असूनही रिक्षा शोधत, मुलाला फोन लावत अर्धा तास घालवायचा नाही. हे दुपारी गल्लीत एकटं असताना आठवायला हवं, आणि आठवायचं तर आधी कुणी तरी सांगितलेलं हवं. बडेबाबूंनी उत्तर पाठवलं नाही. मुलगा म्हणाला, अब्बांनी तो संदेश छापून शर्टाच्या खिशात ठेवलाय, त्या गोळीच्या बाटलीला गुंडाळून. आणि घड्याळ मुलाने परत घेतलं.

आता रमजान तीन आठवड्यांवर आहे आणि बडेबाबूंचा खरा प्रश्न तो आहे. आयुष्यात त्यांचा रोजा कधी चुकला नाही, असं ते सांगतात. स्टेंटला तेव्हा जेमतेम दोन महिने होतील. सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, लघवी जास्त करणारी एक गोळी आणि दिवसभर पाणी नाही, हे जमतं का, कुणाला जमतं, हे डॉक्टरांनाच विचारावं लागेल, आणि रमजान लागल्यावर नव्हे, आत्ता, म्हणजे गोळ्यांच्या वेळा बदलायच्या असतील तर आधी बदलून बघता येतात. आजारी माणसाला दीनने सवलत दिली आहे, फिदया आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माहीत असणं आणि इफ्तारच्या दस्तरख्वानवर रोजा नसताना बसणं यात फरक आहे. तो त्यांचा आणि त्यांच्या रबचा मामला, मी त्यात बोलत नाही. मी फक्त चालण्याचं बोललो. रोजा असो वा नसो, असरनंतरची फेरी त्या महिन्यात बंद. इफ्तारच्या आधीचा तास शरीर सगळ्यात कोरडं असतं. चालायचं ते इफ्तारनंतर तासाभराने, तेही कमी. आणि ज्या रात्री तरावीहच्या 20 रकात उभ्याने पढल्या त्या रात्री वेगळं चालणं नाही. 40 सजदे करणं आणि प्रत्येक रकातनंतर उठून उभं राहणं काही कमी कष्टाचं नाही. सुरुवातीला खुर्चीवर पढायची किंवा आठ पढून बसायची तयारी ठेवावी, एवढंच.

डॉक्टरांकडची तारीख पुढच्या मंगळवारची आहे. बडेबाबूंनी प्रश्नांचा कागद केला आहे, मार्जिन सोडून, अनुक्रमांक घालून, ऑफिसच्या टिपणीसारखा. पहिला प्रश्न रोज्याचा. दुसरा, जिना कधी चढू. तिसरा भाभींच्या अक्षरात आहे: यांच्याबरोबर चालते, तर माझ्या शुगरच्या गोळीने चालताना चक्कर येईल का, आणि खिशात साखर ठेवावी का.

हा प्रश्न मलाही सुचला नव्हता.